घड्याळाचा इशारा आणि आपली स्वतःची नाडी

घणसोलीत राहणाऱ्या आणि ठाण्यात नोकरी करणाऱ्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. वय ५४. रक्तदाबासाठी त्या चार वर्षं मेटोप्रोलॉल घेतात. मुलीने त्यांना स्मार्टवॉच भेट दिलं आणि जरा खबरदारी म्हणून वरची मर्यादा १०० व खालची ५० लावून ठेवली. पहिल्याच आठवड्यात घड्याळ दोन ठरावीक वेळी थरथरू लागलं. पहाटे तीन-चारच्या सुमारास ‘नाडी ५०च्या खाली’ आणि संध्याकाळी ठाण्याहून घरी येताना लोकलमध्ये ‘नाडी १००च्या वर’. पहाटे जाग आली की छातीत धडधड सुरू व्हायची आणि पुन्हा झोप लागायची नाही.

१०० आणि ५० हे आकडे मुलीने मनाने काढलेले नव्हते. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० असते, हे शाळेच्या पुस्तकापासून आपण वाचत आलोय. वरचं टोक तिने जसंच्या तसं घेतलं आणि खालच्या टोकाला थोडी सूट दिली. पण ६० ते १०० ही पट्टी जागेपणी, शांत बसलेल्या माणसांच्या मोजणीवरून आलेली आहे. झोपेत नाडी त्याखाली उतरते. गाढ झोपेत हृदयाला मंद करणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर वाढतो आणि कित्येक निरोगी माणसांची नाडी पन्नाशीच्या खाली जाते. त्यात मेटोप्रोलॉलसारखं बीटा-ब्लॉकर औषध घेणाऱ्यांची नाडी दिवसरात्र आणखी खाली असते, कारण त्या औषधाचं कामच ते आहे. म्हणजे पहाटेचा तो आकडा खरा होता. चूक मर्यादेच्या जागेत होती.

माणसामाणसांत हा फरक किती मोठा असतो, हे अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मनगटावरच्या पट्ट्यांमधून ९२,४५७ प्रौढांची विश्रांतीतली नाडी तपासली, तेव्हा ती कुणाची ४० तर कुणाची १०९ निघाली. त्याच वेळी, एकाच माणसाची नाडी मात्र आठवड्यागणिक फारशी हलत नव्हती. बहुतेकांमध्ये हा फरक दहा ठोक्यांच्याही आत होता. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. इतरांच्या सरासरीशी तुलना करून फार थोडं कळतं, पण स्वतःच्या कालच्या नोंदीशी तुलना केली तर बरंच कळतं. मर्यादा लावायच्या त्या स्वतःच्या नोंदीवरून.

त्यासाठी आधी इशारे बंद ठेवून दोन आठवडे घड्याळ रात्रंदिवस वापरायचं. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर असावा, त्वचेवर वळ उठणार नाही पण घड्याळ सरकणारही नाही इतपत घट्ट. घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत उजेड टाकतात. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला रक्ताची लाट आली की परत येणारा उजेड किंचित कमी होतो आणि घड्याळ हे चढउतार मोजतं. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. हात उशाखाली दाबला गेला तर रक्तच कमी पोचतं. चालताना हात एका लयीत हलला तर घड्याळ कधीकधी पावलांचीच लय नाडी समजून मोजतं. या चुका पट्ट्याने सुटतात, मर्यादा बदलून सुटत नाहीत, म्हणून त्या आधी वेगळ्या काढायला हव्यात. आलेखावर त्या ओळखू येतात. झोपेत किंवा शांत बसलेलं असताना खरी नाडी सहसा थोडीथोडी चढते आणि थोडीथोडी उतरते. चुकीची नोंद एकटी पडलेली असते. आजूबाजूला ६२, ६४, ६१ आणि मध्येच एक ३८ दिसला तर तो ३८ हिशेबात धरायचा नाही.

आपल्या बाईंच्या दोन आठवड्यांच्या आलेखात असं दिसलं. झोपेत नाडी बहुतेक ४८ ते ५४, सर्वांत खाली सलग टिकलेला आकडा ४६. ऑफिसात खुर्चीत ६० ते ६८, जेवणानंतर त्याहून थोडी जास्त. संध्याकाळी लोकलमध्ये ९६ ते १०४.

लोकलचा आकडा जरा समजून घ्यायला हवा. बहुतेक घड्याळं, माणूस साधारण दहा मिनिटं हालचाल करत नाही आणि तरीही नाडी मर्यादेबाहेर आहे, असं दिसलं तरच इशारा देतात. हालचाल नाही हे ती मनगटाच्या हालण्यावरून ठरवतात. पण गर्दीच्या डब्यात दांडीला धरून उभा असलेला हात स्थिर असला तरी शरीर विश्रांत नसतं. नुसतं उभं राहिल्यानेच नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते, कारण रक्त पायांकडे उतरतं आणि हृदयाला ते भरून काढावं लागतं. त्यात ऑक्टोबरचा उकाडा, दिवसभर कमी प्यायलेलं पाणी आणि ठाणे स्टेशनच्या पुलावरून धावत गाठलेली गाडी. बाईंची नाडी खरोखरच १०४ होती आणि त्या वेळी तीच असायला हवी होती. घड्याळाच्या लेखी मात्र त्या बसलेल्या होत्या.

आता मर्यादा. बऱ्याच घड्याळांत ठरावीक पर्यायांतून निवड करावी लागते. ॲपल वॉचसाठी आयफोनवरच्या Watch ॲपमध्ये Heart उघडलं की High Heart Rate आणि Low Heart Rate अशा दोन ओळी दिसतात. खालची मर्यादा ४०, ४५ किंवा ५०, आणि वरची १०० पासून दहादहाने चढत १५० पर्यंत. खालच्या बाजूला ४५ घेतली तर ती त्यांच्या नेहमीच्या तळापेक्षा, म्हणजे ४६ पेक्षा, एकाच ठोक्याने खाली राहते. एखादी रात्र जास्त गाढ झोप लागली की ती ओलांडली जाणार. म्हणून ४०. या आकड्याने त्यांच्या सगळ्या नेहमीच्या रात्री शांत जातात आणि काही वेगळं घडलं तर सहा ठोक्यांच्या अंतरावर इशारा उभा असतो.

वरच्या बाजूला सोपा रस्ता १२० चा होता. मी त्यांच्यासाठी ११० निवडेन. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या माणसाचं हृदय सहजासहजी वेग घेत नाही. शेजारच्या माणसाची नाडी ज्या कारणाने १२० होईल, त्याच कारणाने यांची कदाचित १०८ वरच थांबेल. औषधाखाली असलेल्या माणसात बसल्याजागी ११० चा अर्थ जास्त मोठा असतो, म्हणून मर्यादाही खाली हवी. एखाद्या संध्याकाळी लोकलमध्ये तो इशारा येईलही. महिन्यातून एकदा आलेला आणि कारण समोर दिसणारा इशारा सोसण्यासारखा आहे. रोजचा इशारा सोसण्यासारखा नाही, कारण आठवड्याभरात माणूस एकतर घाबरून राहतो किंवा न बघताच तो झटकून टाकायला शिकतो.

इशारा आला तर लगेच पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघू नये. घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी आणखी चढते आणि घड्याळ ती चढलेली नाडीच दाखवतं. बसावं, पट्टा नीट करावा, पाच मिनिटं थांबावं. मग दुसऱ्या हाताची दोन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. ठोके अनियमित लागले तर पूर्ण एक मिनिट मोजावं. घड्याळाचा आणि बोटांचा आकडा जुळला नाही तर घड्याळ चुकलं.

जुळला तरी एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. काहींच्या हृदयात अधूनमधून ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे त्या ठोक्याची लाट मनगटापर्यंत नीट पोचत नाही. दर दुसरा ठोका असा पडू लागला तर हृदय ८० वेळा धडकत असताना घड्याळ ४० दाखवतं, आणि बोटांनाही ४० च लागतात. नेहमी ७५-८० असलेली नाडी जागेपणी अचानक ठीक निम्मी दिसायला लागली तर हे मनात यावं. इथे मर्यादा खाली ओढून इशारा बंद करणं चूक. असे ठोके पुष्कळदा निरुपद्रवी असतात, पण ते ठरवायला ईसीजी लागतो आणि तो साधा, झटपट होणारा आहे.

हाच नियम वरच्या बाजूलाही. दोन आठवड्यांची नोंद तुमची नेहमीची आहे, हे धरूनच मर्यादा लावली जाते. पण शांत बसलेलं असताना दिवसेंदिवस १०५ दिसत असेल तर तिला नेहमीची म्हणून मर्यादा वर सरकवू नका. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं किंवा थायरॉइड जास्त चालणं ही त्याची नेहमी सापडणारी कारणं आहेत आणि दोन्ही रक्ताच्या तपासणीत कळतात. औषध नवं सुरू झालं किंवा त्याचा डोस बदलला तर नोंद पुन्हा नव्याने घ्यावी. आणि इशाऱ्यांना कंटाळून बीटा-ब्लॉकर आपल्या मनाने कधीच बंद करू नये. ते एकदम थांबवलं तर नाडी आणि रक्तदाब दोन्ही उसळू शकतात.

तापात मर्यादेला हात लावायची गरज नाही. शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की नाडी साधारण आठ-दहा ठोक्यांनी वाढते, त्यामुळे इशारा आला की आधी थर्मामीटर बघावा. पण पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत डेंग्यूचे रुग्ण वाढतात, तेव्हा याची उलट बाजू माहीत असलेली बरी. डेंग्यूतला धोक्याचा काळ बऱ्याचदा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होतो. रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून पाझरून बाहेर जातो आणि हृदय वेग वाढवून ती उणीव भरून काढू पाहतं. ताप उतरला, नाडी मात्र चढत चालली, हातपाय गार पडले, पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, तर तेव्हाचा इशारा खरा मानून लगेच रुग्णालय गाठावं. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी तेव्हाही फारशी चढणार नाही, म्हणून त्यांनी बाकीची लक्षणं आकड्यापेक्षा वरची मानावीत.

हृदयविकाराचा झटका ओळखणं हे या इशाऱ्याचं काम नाही. हृदयाची रक्तवाहिनी बंद झालेली असतानाही नाडी ७२ असू शकते, आणि तेव्हा घड्याळ गप्प राहील. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणारी कळ, गार घाम, धाप, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही झालं तर मनगटावर काय लिहिलंय हे न बघता १०८ ला फोन करा.