लेबर व्हेरियन्सचे दोन तुकडे: रेट आणि एफिशियन्सी ही विभागणी आली कुठून

भोसरीत शाळेचे शर्ट शिवणारं एक युनिट आहे, चाळीस मशिनं, त्याचं कॉस्टिंग मी करतो. एका जुलैच्या रिपोर्टमध्ये लेबरच्या ओळीत एकच आकडा होता, ठरलेल्यापेक्षा ७९,८०० रुपये जास्त, या फरकालाच व्हेरियन्स म्हणतात. मालकांनी तो बघितला आणि सरळ लाईनच्या सुपरवायझर ताईंना केबिनमध्ये बोलावलं, की बाया काम करत नाहीयेत का म्हणून. ताईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "साहेब, यातला पगारवाढीचा भाग किती आणि आमच्या कामाचा किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण रिपोर्टमध्ये ते वेगळं केलेलंच नव्हतं. त्या रात्री बसून तुकडे केले, आणि मग हे तुकडे मुळात कुणाला आणि का करावेसे वाटले हेही शोधत गेलो, तेच इथे लिहितोय.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक कारखान्यांत मजुरीचा हिशोब म्हणजे महिन्याची एकूण मजुरी भागिले निघालेला माल. नग महाग पडला की स्वस्त एवढं कळायचं, का पडला ते नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरनं १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टीलमध्ये घड्याळ लावून एकेक हालचाल मोजायला सुरुवात केली, आणि १८९५ मध्ये पीसरेटची एक पद्धत मांडली, ठरलेल्या वेळेत काम केलं तर नगाला वरचा दर, नाहीतर खालचा. कामगारांना ती किती जाचक वाटली हा वेगळा आणि मोठा विषय आहे, पण हिशोबाच्या बाजूनं एक गोष्ट कायमची बदलली: मजुरी म्हणजे तास गुणिले दर, आणि एका कामाला किती तास लागायला हवेत हे पगाराशी संबंध न लावता आधी सांगता येतं.

त्याच्यानंतर हॅरिंग्टन इमर्सन, कारखान्यांना सल्ला देणारा इंजिनिअर. त्यानं १९०४ पासून अमेरिकेतल्या सांता फे रेल्वेच्या दुरुस्तीच्या शॉपमध्ये काम केलं आणि १९०८-०९ च्या सुमाराला लिहिलं की खर्च काम झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा आधी ठरवावा आणि मग झालेला खर्च त्याच्याशी ताडून बघावा. म्हणजे तुलना मागच्या महिन्याशी करायचीच नाही, कारण मागच्या महिन्यातही गोंधळ असू शकतो.

हे सगळं वह्यांमध्ये पूर्ण बसवलं जी. चार्टर हॅरिसन नावाच्या अकाउंटंटनं, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथेच आहे. स्टँडर्ड कॉस्टिंगची पहिली पूर्ण पद्धत म्हणून जी सांगितली जाते ती त्यानं १९११ मध्ये अमेरिकेतल्या बॉस मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत बसवली, आणि ही कंपनी कामाचे हातमोजे बनवायची. पोलाद नाही, इंजिनं नाही, हातमोजे, म्हणजे कापायचं आणि शिवायचं काम. १९१८ पासून त्यानं लेखमाला लिहून व्हेरियन्सची सूत्रंही छापली. कॉस्टिंगच्या पुस्तकात आपण जी दोन सूत्रं पाठ करतो ती त्याच वाटेनं आली. आपल्याकडे कॉस्ट अकाउंटंट्सची संस्था १९४४ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली, १९५९ मध्ये तिचा कायदा झाला, आणि परीक्षेच्या अभ्यासातून ही सूत्रं इथल्या ऑफिसांमध्ये पोचली.

आता सूत्रं. रेट व्हेरियन्स म्हणजे दरातला फरक गुणिले प्रत्यक्ष तास. एफिशियन्सी व्हेरियन्स म्हणजे तासांतला फरक गुणिले स्टँडर्ड दर. एकात प्रत्यक्ष तास आणि दुसऱ्यात स्टँडर्ड दर, असं तिरकं का, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. कारण जबाबदारीचं आहे. लाईनची सुपरवायझर तास वाचवू शकते किंवा घालवू शकते, दर तिच्या हातात नसतो, मग तिच्या तासांना वाढलेल्या दरानं गुणलं तर दुसऱ्याच्या निर्णयाचा भार तिच्यावर पडतो. म्हणून तिचा भाग ठरलेल्या दरानंच मोजायचा. पण तास आणि दर दोन्ही वाढले की कोपऱ्यात एक छोटा चौकोन उरतो, जास्तीचे तास गुणिले जास्तीचा दर, तो कुणा एकाचा नसतो, आणि रिवाज असा पडला की तो रेटमध्ये टाकायचा. काहीजण तो तिसरा म्हणून वेगळाही दाखवतात. मासिक रिपोर्टला मला ते गरजेचं वाटत नाही, पण तो कुठे गेलाय हे माहीत असावं.

गारमेंटमध्ये या सगळ्याला आधार मिळाला तो मिनिटांमुळे. १९४८ मध्ये एमटीएम नावाची पद्धत प्रसिद्ध झाली, हात लांबवणं, उचलणं, जागेवर बसवणं अशा हालचालींना आधीच ठरवलेला वेळ देणारी, आणि पुढे शिलाईसाठी तिच्यावरूनच जीएसडी तयार झालं. आज आयईवाला, म्हणजे कामाच्या वेळा ठरवणारा इंडस्ट्रियल इंजिनिअर, कॉलर जोडायला अमुक मिनिटं, बाही चढवायला तमुक असं एसएमव्ही, म्हणजे कामाची प्रमाण मिनिटं, काढतो ते याच घराण्यातलं. ही मिनिटं भक्कम नसतील तर एफिशियन्सी व्हेरियन्स म्हणजे नुसता अंदाज, हे मात्र लक्षात ठेवा.

आता तो जुलै. शर्टाचा एसएमव्ही १८ मिनिटं. लाईन शंभर टक्क्यांनी चालेल असं कुणी धरत नाही, आम्ही ६० टक्के धरतो, म्हणजे कॉस्टिंगमध्ये एका शर्टाला ३० मिनिटं. शर्ट निघाले १५,०००, म्हणजे स्टँडर्ड तास ७,५००. स्टँडर्ड दर तासाला ७० रुपये, तर लेबर ५,२५,००० व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात चाळीस जणी, पंचवीस दिवस, आठ तास मिळून ८,०००, वर २०० तास ओव्हरटाईम, एकूण ८,२००. दर १ जुलैपासून ७२ झालेला, कारण महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. ओव्हरटाईम कायद्यानं दुप्पट, म्हणजे १४४. पगारपत्रकाची बेरीज ६,०४,८००.

८,२०० तासांना ७० नं गुणलं की ५,७४,०००. पगारपत्रक त्याच्यापेक्षा ३०,८०० नं जास्त, तो रेट व्हेरियन्स. आणि ७,५०० च्या जागी ८,२०० तास लागले, ७०० तास जास्त, गुणिले ७०, ४९,००० एफिशियन्सी व्हेरियन्स. दोन्हींची बेरीज ७९,८००, जुळलं. (तो कोपऱ्यातला चौकोन यात सुमारे २,६३० रुपयांचा आहे आणि रेटमध्ये बसलाय.)

इथे थांबलो असतो तर ताईंच्या डोक्यावर ४९,००० राहिले असते, आणि तेही चूकच होतं. रेटचे ३०,८०० उघडले तर भत्त्याचे २ रुपये गुणिले ८,२०० तास म्हणजे १६,४००, तो सरकारी बदल, कुणाचाच दोष नाही. उरलेले १४,४०० ओव्हरटाईमच्या वरच्या निम्म्या भागाचे, २०० तास गुणिले ७२. मग ओव्हरटाईम का लागला ते बघायला ताईंची लाईनवरची वही काढली. त्यात ९ आणि १० तारखेसमोर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "कापड नाही, बंडल आलं नाही". कटिंगला कापड उशिरा मिळालं आणि दोन दिवसांत मिळून प्रत्येकीचे दहा तास मशिनसमोर बसून गेले. चाळीस गुणिले दहा, ४०० तास, ७० च्या दरानं २८,०००. हा आयडल टाईम, तो एफिशियन्सीतून बाहेर काढून वेगळ्या ओळीत दाखवायचा असतो, आणि मी तोवर दाखवत नव्हतो कारण मस्टरवर त्या बाया हजर होत्या आणि मी फक्त मस्टर बघत होतो. माझ्या मते या हिशोबातली सगळ्यात घातक जागा हीच, हजेरीचे तास आणि कामाचे तास एकच समजणं. राहिले ३०० तास, २१,००० रुपये. लाईनच्या कामाचा भाग म्हणता येईल तो एवढाच, आणि त्यातही चार नवीन मुली बाहीवर शिकत होत्या.

म्हणजे ७९,८०० पैकी ताईंना विचारण्यासारखे २१,०००. उलट कापड उशिरा आल्याचा खर्च दोन्हीकडे पसरलेला, २८,००० एफिशियन्सीत आणि ओव्हरटाईमचे १४,४०० रेटमध्ये. रेट वाढला की एचआरचं आणि तास वाढले की लाईनचं, असं डोळे झाकून वाटता येत नाही ते यामुळेच. सूत्र फक्त कुठे बघायचं ते दाखवतं, कारण वहीतच सापडतं.

अजून एका गोष्टीवरून आमच्याकडे नेहमी वाद व्हायचा. आयईचा रिपोर्ट म्हणायचा एफिशियन्सी ५५ टक्के, माझा म्हणायचा ९१, महिना तोच आणि शर्ट तेच. दोन्ही बरोबर आहेत. तो १५,००० शर्टांची १८ मिनिटं धरतो, ४,५०० तास, भागिले ८,२००. मी आधीच ६० टक्के धरलेले ७,५०० तास भागतो. मालकांसमोर दोन आकडे ठेवले की वाटतं कुणीतरी खोटं बोलतंय, म्हणून आता रिपोर्टच्या डोक्यावरच लिहितो की स्टँडर्डमध्ये ६० टक्के धरलेत.

आणि ज्यांच्याकडे पूर्ण पीसरेट आहे त्यांनी हा साचा जसाच्या तसा उचलू नये. नगाला ठरलेला दर दिला की वेळ जास्त लागला तरी मजुरी तीच राहते, एफिशियन्सी व्हेरियन्स जवळजवळ शून्य येतो आणि सगळं छान चाललंय असं दिसतं. खरा फरक तेव्हा दिसतो जेव्हा एखादीचे नगाचे पैसे किमान वेतनाच्या खाली जातात आणि युनिटला वरची भर द्यावी लागते. ती भर वेगळ्या ओळीत ठेवा, तिथे पीसरेटचं एफिशियन्सीचं नुकसान बसलेलं असतं.

ऑगस्टच्या रिपोर्टपासून लेबरखाली चार ओळी येतात: भत्त्यातला बदल, ओव्हरटाईमचा वरचा भाग, काम नसलेले तास, आणि उरलेली एफिशियन्सी. तिसऱ्या ओळीचे तास मस्टरवरून नाही, ताईंच्या पेन्सिलीच्या वहीवरून येतात, आणि त्या पानावर आता कटिंगवाल्याची पण सही असते.