भाव थांबला तरी ठिपका चालतो

गेल्या रविवारी भाचा नौपाड्यातल्या आमच्या घरी आला आणि चहा होईपर्यंत मोबाईलवरचा चार्ट माझ्यासमोर धरून बसला. कॅंडलच्या खाली ठिपके, मग वर ठिपके, पुन्हा खाली. "मामा, शेअर आहे तिथेच आहे, मग माझे एकवीस रुपये गेले कुठे?"

हे ठिपके म्हणजे पॅराबोलिक एसएआर. शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ 'स्टॉप अँड रिव्हर्स', म्हणजे थांबा आणि उलटे फिरा. वेल्स वाइल्डर या मेकॅनिकल इंजिनिअरने १९७८ मध्ये एका पुस्तकात ही पद्धत मांडली. तेजीत ठिपका भावाच्या खाली असतो आणि तोच आपला ट्रेलिंग स्टॉपलॉस. भाव खाली येऊन त्याला शिवला की माल विकायचा.

ठिपका रोज किती सरकतो, हे समजलं की बाकीचं आपोआप कळतं. या तेजीतला आजवरचा सर्वात वरचा भाव घ्यायचा, त्यातून आजचा ठिपका वजा करायचा आणि त्या अंतराचा ठरावीक हिस्सा ठिपक्यात मिळवायचा. हा हिस्सा सुरुवातीला ०.०२, म्हणजे दोन टक्के असतो. प्रत्येक नव्या उच्चांकाला तो आणखी ०.०२ ने वाढतो आणि ०.२० वर थांबतो. म्हणून चांगल्या तेजीत ठिपके आधी रेंगाळतात, भावाला श्वास घ्यायला जागा देतात आणि मग वेग धरून त्याच्या जवळ येतात. एका दिशेने धावणाऱ्या शेअरमध्ये नफा राखायला हे साधन मला खरोखर आवडतं.

पण या हिशोबात एक गोष्ट दडलेली आहे. नवा उच्चांक झाला नाही, तर हिस्सा वाढत नाही; ठिपका मात्र सरकतच राहतो. भाचाच्या शेअरचा उच्चांक २२० होता, ठिपका २०० वर आणि हिस्सा ०.१० झालेला. त्यानंतर भाव २०८ ते २२० मध्ये अडकला. ठिपका मात्र रोज उरलेल्या अंतराचा दहावा भाग कापत गेला: २०२, २०३.८०, २०५.४२, २०६.८८, आणि पाचव्या दिवशी २०८.१९. त्या दिवशी भाव २०८ पर्यंत उतरला आणि स्टॉप लागला. शेअर पडला नव्हता. तो फक्त थांबला होता, आणि या पद्धतीत थांबण्याचीही किंमत मोजावी लागते.

खरा घाव पुढे बसतो. स्टॉप लागला की ठिपका उडी मारून थेट जुन्या उच्चांकावर, २२० वर जातो आणि हिस्सा पुन्हा ०.०२ होतो. भाचाने फ्युचर्समध्ये नियम जसाच्या तसा पाळला आणि २०८.१९ ला शॉर्ट गेला, म्हणजे भाव पडेल या आशेने हातात नसलेला माल आधीच विकला. आता ठिपका रोज साधारण बारा रुपयांच्या अंतरातले जेमतेम दोन टक्के उतरणार. चार दिवसांनी तो २१९.०७ वर होता आणि भाव २१९.५० ला जाऊन आला. शॉर्ट कापला, १०.८८ रुपये गेले आणि त्याच भावात खरेदी झाली. नव्या ठिपक्याची सुरुवात २०८ वरून. आणखी चार दिवसांनी तो २०८.८९ वर आला, भाव २०८.५० ला टेकला आणि आणखी १०.१८ रुपये गेले.

म्हणजे विक्री पट्ट्याच्या तळाशी, खरेदी पट्ट्याच्या माथ्याशी. हा योगायोग नाही. उलटल्यावर नवा स्टॉप आधीच्या टोकावरच ठेवला जातो, त्यामुळे आडव्या बाजारात प्रत्येक पलटी जवळजवळ अख्ख्या पट्ट्याच्या रुंदीएवढा तोटा करते. दलाली आणि कर वेगळेच.

बरेच जण मग सेटिंग बदलून ०.०२ चं ०.०१ करतात. पलट्या थोड्या उशिरा होतात, पण आडव्या पट्ट्याची टोकं तीच राहतात. शिवाय खऱ्या तेजीत स्टॉप इतका मागे राहतो की हातचा नफा बराच परत जातो.

मी भाचाला सांगितलं, ठिपका बाहेर पडायला वापर, उलटं फिरायला नको. डिलिव्हरीत तसाही शॉर्ट दुसऱ्या दिवशी नेता येत नाही, त्यामुळे तिथे नियमाचा अर्धा भागच कामाचा. त्याच्या हिशोबात फक्त बाहेर पडला असता, तर २०८.१९ ला विषय संपला असता आणि ते एकवीस रुपये वाचले असते.

बाजार आडवा आहे हे ओळखायला वाइल्डरनेच त्याच पुस्तकात एडीएक्स दिला आहे. तो दिशा सांगत नाही, दिशेचा जोर सांगतो. वीसच्या खाली असेल तर ठिपक्यांची पलटी मनावर घेऊ नये, असा बहुतेकांचा प्रघात आहे. मात्र एडीएक्स सरासरीची सरासरी काढून बनतो, म्हणून तो उशिरा उतरतो. भाचाच्या चार्टवर पहिली पलटी झाली तेव्हा तो अजून सत्तावीसवर होता.