सव्वा मिनिट पुढे

25 जुलै 2021. टोकियो ऑलिंपिकमधली महिलांची सायकल शर्यत, अंतर 137 किलोमीटर, शेवट फुजी स्पीडवेवर. नेदरलँड्सच्या आनेमिक व्हान व्लुटनने रेषा ओलांडताना दोन्ही हात वर केले. सुवर्णपदक आपलंच, अशी तिची खात्री होती. प्रत्यक्षात तिच्या सव्वा मिनिट आधी ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर पोहोचली होती आणि रस्त्यावर आडवी पडून रडत होती. कीझनहोफर गणितात पीएच.डी. झालेली. या शर्यतीत तिच्या देशाची ती एकटीच खेळाडू आणि त्या वेळी कुठल्याही व्यावसायिक संघाशी तिचा करार नव्हता.

जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंना एक खेळाडू पुढे आहे हे कळू नये, हे कसं घडलं? याचं उत्तर वाऱ्यापासून सुरू होतं.

सपाट रस्त्यावर जोरात सायकल चालवताना बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट केला की हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. साधारण बांध्याच्या सायकलपटूला ताशी 20 किलोमीटरला हवेपायी तीसेक वॅट खर्चावे लागतात, तर ताशी 40 ला अडीचशेच्या वर. म्हणूनच दुसऱ्याच्या मागे, त्याच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहण्याला एवढी किंमत आहे. पुढचा हवा फोडतो, मागच्याला त्याची सावली मिळते. एकाच सायकलपटूच्या मागे असलं तरी हवेचा विरोध साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. मोठ्या जथ्याच्या, म्हणजे पेलोटनच्या, पोटात तर तो कमालीचा घटतो. वायुगतिकीचे संशोधक बर्ट ब्लॉकन यांच्या गटाने 2018 मध्ये 121 सायकलपटूंच्या पेलोटनचा वायुबोगद्यात आणि संगणकावर अभ्यास केला. आतल्या सर्वांत सुरक्षित जागी एकट्या सायकलपटूच्या तुलनेत अवघा 5 ते 10 टक्के विरोध उरतो, असं त्यात दिसलं.

मग पेलोटन सोडून पुढे कुणी का पळावं? ब्रेकअवे म्हणजे असं पुढे पळणं आणि बहुतेक वेळा ते फसतं. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाचा एक ढोबळ ठोकताळा आहे: पाठलाग करणारं पेलोटन दर 10 किलोमीटरला एक मिनिट भरून काढतं. शेवट 50 किलोमीटरवर असताना पुढच्यांकडे तीन मिनिटं असतील, तर ते सापडणार.

पण या ठोकताळ्यात एक अट दडलेली आहे. पेलोटनने खरोखर पाठलाग करायला हवा. साठ जणी एकत्र आहेत म्हणून जथ्याला आपोआप वेग येत नाही. हवा फोडतात त्या तोंडावरच्या तिघी-चौघी, बाकीच्या त्यांच्या आडोशाला राहून दम राखतात. पुढे पळालेल्या पाच जणी आळीपाळीने तोंडावर येत असतील आणि मागे साठातल्या दोघीच राबत असतील, तर मागच्या साठ जणींचा उपयोग शून्य.

आणि राबायचं कुणी? जी राबते ती थकते. शेवटी जिंकते ती तिच्या मागे बसून ताजी राहिलेली. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघते: तू ओढ, मी येते मागून. हा गुंता सोडवण्यासाठीच संघात कामं वाटलेली असतात. फ्रेंचमधून आलेला शब्द आहे ‘डोमेस्टिक’, म्हणजे घरचा गडी. स्वतः जिंकणं त्याच्या कामात बसतच नाही. मागून येणाऱ्या संघाच्या गाडीकडे जाऊन तो जर्सीत सात-आठ पाण्याच्या बाटल्या कोंबून आणतो, आडव्या वाऱ्यात नेत्याला आडोसा देतो, नेत्याचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतो. काही डोमेस्टिकांचं एकच काम: पेलोटनच्या तोंडावर तासन् तास एका लयीत ओढत पुढच्यांचं अंतर आटोक्यात ठेवायचं आणि दम संपला की बाजूला व्हायचं. शेवटच्या किलोमीटरमध्ये लीडआउट करणारा स्प्रिंटरला आपल्या आडोशात घेऊन पूर्ण वेगाने सुटतो आणि रेषा दोन-अडीचशे मीटरवर आली की वाट मोकळी करतो. टीव्हीवर दिसतो तो विजेता. माझी नजर मात्र बाजूला झालेल्या माणसावर जास्त रेंगाळते.

ऑलिंपिकमध्ये हे सगळं तंत्र दुबळं पडतं. महिलांच्या शर्यतीत एका देशाच्या जास्तीत जास्त चार जणी होत्या आणि संघाच्या गाडीशी बोलायला कानात रेडिओ लावायची परवानगी नव्हती. डच संघात व्हान व्लुटन, आना व्हान डेर ब्रेगन, मारियान व्होस आणि डेमी व्होलरिंग होत्या. त्यांतल्या व्होस आणि व्हान डेर ब्रेगन तर आधीच्या ऑलिंपिक विजेत्या. नेमकी अडचण हीच होती, असं मला वाटतं. चार नेत्या होत्या, घरची गडी एकही नव्हती. आणि बाकीच्या देशांना वाटत होतं की डच बलवान आहेत, तर पाठलाग त्यांनीच करावा.

शर्यतीचा झेंडा पडताच कीझनहोफर सुटली. सोबत इस्रायलची ओमेर शापिरा, पोलंडची आना प्लिख्ता, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर आणि नामिबियाची व्हेरा लूसर. यातलं एकही नाव मागे कुणाला धोक्याचं वाटलं नाही आणि अंतर 10 मिनिटांच्या वर गेलं. शापातच्या हिशेबाने ते भरून काढायला सलग 100 किलोमीटर झटून पाठलाग हवा होता. तो झाला नाही.

घाट लागले तशा ओबरहोल्झर आणि लूसर मागे पडल्या. शेवट सुमारे 40 किलोमीटरवर असताना कागोसाका घाटात कीझनहोफरने उरलेल्या दोघींनाही सोडलं. जागा तिने अचूक निवडली. चढावर वेग कमी, त्यामुळे दुसऱ्याच्या आडोशाचा फायदा फारसा उरत नाही. माणूस आणि सायकल मिळून 68 किलो धरा, चढ 8 टक्के, वेग ताशी 15. गुरुत्वाशी झगडायला 220 वॅट लागतात, हवेला जेमतेम 15. अशा वेळी सोबतिणीला धरून राहण्यात लाभ थोडा आणि तिच्या मंद वेगाचा तोटा मोठा. घाटानंतर उतार आणि मग एकटीने सलग मेहनत, पण हीच तिची जमेची बाजू होती. एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या शर्यतीत ती ऑस्ट्रियाची राष्ट्रीय विजेती होती.

मागे व्हान व्लुटन एकदा पडली, उठली, नंतर एकटीने हल्ला केला आणि पुन्हा पेलोटनमध्ये सापडली. रेडिओ नसताना पुढचा हिशेब कळतो तो मोटरसायकलवरच्या फळ्यावरून, नाहीतर मागच्या गाडीपर्यंत जाऊन विचारून. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पेलोटनने शापिरा आणि प्लिख्ता यांना गाठलं. पळालेल्यांपैकी शेवटच्या दोघी सापडल्या, म्हणजे रस्ता मोकळा झाला, असा समज पसरला. सुरुवातीच्या पाचांतली एक अजून मोजायची राहिली होती.

मग व्हान व्लुटन सुटली आणि इटलीच्या एलिसा लाँगो बोर्गिनीच्या 14 सेकंद आधी पोहोचली. कीझनहोफर तिच्या पुढे 75 सेकंद होती. ताशी 40 च्या वेगाने हे अंतर साधारण 800 मीटर भरतं. एका वळणाआड सहज झाकलं जाईल एवढं.