स्लाइडवरची ऑर्डर आकड्यांतून कशी निघाली

खान्देशातल्या कॉलेजांत केमिकल कायनेटिक्सच्या स्लाइडवर वेगनियम दिसतो तो तयार स्वरूपात: वेग = k[A]ⁿ, जिथे [A] ही संहती आणि घातांक n ही ऑर्डर, आणि खाली वेळेसमोर काढलेल्या तीन सरळ रेषा. शून्य ऑर्डरला [A], पहिल्या ऑर्डरला ln[A] आणि दुसऱ्या ऑर्डरला 1/[A]. या रेषा वेगवेगळ्या लोकांनी तीसपस्तीस वर्षांत काढल्या, आणि त्याही समीकरण पाहून नव्हे, तर मोजून.

सुरुवात जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मीची. १८५० मध्ये त्याने आम्लाच्या द्रावणात साखरेचं विघटन पोलरीमीटरने मोजलं आणि प्रत्येक क्षणीचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, हे दाखवलं. अभिक्रियेत पाणीही खर्च होतं, पण ते इतकं जास्त असतं की त्याची संहती बदललेली कळत नाही. आम्ल तर खर्च होतच नाही. म्हणून ऑर्डर एकच दिसते. १८६० च्या दशकात हारकोर्टने रसायनं मोजली, एसनने त्यांचं गणित मांडलं. १८८४ मध्ये व्हॅन्ट हॉफने वेग आणि संहती यांच्या गुणोत्तरांतून थेट घातांक काढण्याची वाट दाखवली.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. इथिल ॲसिटेट आणि कॉस्टिक सोडा, मिश्रणात दोन्हींची संहती ०.०१ M. प्रत्येक वेळी १० मिली मिश्रण पिपेटने काढून १० मिली ०.०२ N हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचं, म्हणजे अभिक्रिया तिथेच थांबते. उरलेलं आम्ल ०.०१ N सोड्याने टायट्रेट करायचं. सुरुवातीचं रीडिंग १० मिली असेल, तर २० मिनिटांनी ते सुमारे १५.६५ मिली येईल. २० मधून रीडिंग वजा केलं की मिश्रणात उरलेल्या सोड्याचा हिशेब मिळतो. तापमान २५ अंश धरून आकडे असे येतात: ० मिनिटाला ०.०१००, ५ ला ०.००७५५, १० ला ०.००६०६, २० ला ०.००४३५ आणि ४० ला ०.००२७८ M.

पहिली ऑर्डर धरून k काढला तर ५ मिनिटांवर ०.०५६, १० वर ०.०५०, २० वर ०.०४२ आणि ४० वर ०.०३२ येतो. तो सारखा घसरतोय. 1/[A] मात्र १००, १३२.५, १६५, २३०, ३६० असा चढतो, म्हणजे दर मिनिटाला ६.५. ही दुसरी ऑर्डर. व्हॅन्ट हॉफच्या पद्धतीने ताळा बघायचा तर पहिल्या पाच मिनिटांचा सरासरी वेग शेवटच्या वीस मिनिटांच्या ६.२ पट आहे, आणि त्या दोन टप्प्यांतली सरासरी संहती २.४६ पट. २.४६ चा वर्ग ६.०५. घातांक दोनच.

चुकतं ते इथे. बरेच जण दहाव्या मिनिटाला प्रयोग आटोपतात. तोवरचे ०.०५६ आणि ०.०५० हे आकडे ‘टायट्रेशनमधला फरक’ म्हणून खपून जातात आणि ln[A] ची रेषाही सरळ वाटते. या अभिक्रियेचा पहिला अर्धआयुकाल सुमारे १५ मिनिटांचा, दुसरा ३१ मिनिटांचा. पहिल्या ऑर्डरमध्ये दोन्ही सारखे आले असते. म्हणून दुसऱ्या अर्धआयुकालात बरंच पुढे गेल्याशिवाय निकाल देऊ नये. उलट फार उशिरापर्यंत गेल्यास ०.१ मिलीची चूकही जड पडते: ४० मिनिटांवर तिच्यामुळे 1/[A] साधारण १३ ने हलतो, २० मिनिटांवर फक्त पाचच्या आसपास.

दुसरी फसगत मार्च-एप्रिलची आहे, आणि जळगाव-धुळ्याकडे ती नेमकी गाठते. कूलरच्या थंड पाण्यात द्रावणं केली आणि थर्मोस्टॅट नसेल, तर तापलेल्या लॅबमध्ये मिश्रण हळूहळू तापत जातं. या अभिक्रियेचा k दहा अंशांमागे दुपटीच्या जवळ जातो. चुकीच्या पहिल्या ऑर्डरचा k घसरत असतो, तापमान त्याला वर ओढतं, आणि दोन्ही मिळून k बराचसा स्थिर दिसू लागतो! रेषा सरळ, ऑर्डर चूक. हे ओळखायला मिश्रणातच थर्मामीटर ठेवून प्रत्येक रीडिंगसोबत तापमान लिहावं, आणि एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक दिसला तर तो संच बाजूला ठेवावा. थर्मोस्टॅट नसला तर दोन्ही द्रावणं मिसळण्यापूर्वी अर्धा तास एकाच मोठ्या पाण्याच्या बादलीत ठेवावीत आणि मिसळल्यावरही फ्लास्क त्याच बादलीत राहू द्यावा. फ्लास्क बुचाने बंद हवा, कारण उन्हाळ्यात इथिल ॲसिटेट उडून जातं आणि ‘दोन्हींची संहती सारखी’ हे गृहीतकच मोडतं. मग 1/[A] ची रेषा शेवटी शेवटी सपाट होऊ लागते.