पायांचा रंग बघा, पण चिखल वगळून

डिसेंबरात माझ्या भाच्याने गोव्यातल्या करमळीच्या शेतातून एका पक्ष्याचे फोटो पाठवले. सरदाचं, म्हणजे पावसाळी भात कापून झालेलं, खुंट उभे, मधूनमधून ओल. त्या खुंटांतून चालणारा तपकिरी, सडपातळ पक्षी. "मावशी, पाय काळे आहेत, म्हणजे पिवळा धोबीच ना?" असं त्याने विचारलं.

प्रश्न योग्य होता. हिवाळ्यात गोव्याच्या शेतांत येणाऱ्या पिवळ्या धोब्यांतले सगळेच पिवळे नसतात. त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं राखट तपकिरी असतात आणि त्यांना पाहून तिरचिमणी हा तसाच तपकिरी, रेघांचा पक्षी आठवतो. अशा वेळी पाय खरंच उपयोगी पडतात. पिवळ्या धोब्याचे पाय काळपट असतात, तर वर्षभर इथेच राहणाऱ्या धान तिरचिमणीचे गुलाबीसर पिवळट. तिरचिमणीसारख्याच दिसणाऱ्या मलबारी चंडोलाचे पायही फिकट मांसल रंगाचे, त्यामुळे तिरचिमणी आणि चंडोल यांच्यातला निवाडा पायांवरून होत नाही. धोब्यांतही अपवाद आहे. ओढ्याकाठी दिसणाऱ्या करड्या धोब्याचे पाय फिकट, गुलाबीसर तपकिरी असतात.

मी भाच्याचा फोटो मोठा करून पाहिला. काळेपणा बोटांपासून वर चढत गेला होता आणि पायाच्या मध्यावर एका रेषेत थांबला होता. त्या रेषेच्या वर, पोटाच्या पिसांपर्यंत, पाय गुलाबी होता. खालचा काळा रंग पायाचा नव्हता, ओल्या शेतातला चिखल होता. पिवळ्या धोब्याचा पाय पिसांपासून नखापर्यंत सारखाच गडद दिसतो. म्हणून पायाचा रंग नेहमी वरच्या टोकाला पाहावा, आणि शक्य असेल तर दोन्ही पायांचा. सावलीतला पाय तर कुठल्याही पक्ष्याचा काळाच दिसतो.

मग रेघा पाहिल्या. पिवळ्या धोब्याची पाठ एकसंध असते, तिच्यावर रेघा नसतात. पिल्लाच्या छातीवर फार तर गडद पट्ट्यासारखी छटा असते. भाच्याच्या पक्ष्याच्या पाठीवर मात्र प्रत्येक पिसाचा मध्य गडद आणि कडा फिकट होती, आणि त्यातूनच रेघांचा भास होत होता. छातीवर बारीक रेघा होत्या, त्याही वरच्या भागापुरत्या. पोट कोरं होतं. धान तिरचिमणीचं हे नेहमीचं रूप. इथेही एक सावधगिरी हवी. फोकस डोळ्याऐवजी मागच्या खुंटावर बसला, की बारीक रेघा विरघळतात आणि पाठ एकसंध वाटते. डोळ्याची कड धारदार नसेल, तर त्या फोटोत रेघा नाहीत, असं म्हणू नये.

शेपटीचं काय? स्थिर फोटोत हालचाल कशी दिसणार, असं कुणालाही वाटेल. भाच्याने सलग आठ फोटो काढले होते, त्यामुळे ती मोजता आली. आपण सहसा शेपटी जमिनीपासून किती वर आहे ते बघतो, आणि तिथेच चूक होते, कारण पक्षी चोच मारायला वाकला की शेपटी आपोआप वर जाते. पाठीची रेषा आणि शेपटीची रेषा यांच्यातला कोन पाहायचा. धोब्याच्या सलग फोटोंत हा कोन सारखा बदलत राहतो. कधी डोकं स्पष्ट असूनही शेपटीचं टोक धूसर येतं. धान तिरचिमणीही शेपटी हलवते, कारण ती धोब्याच्याच कुळातली आहे, पण कमी आणि थांबून थांबून. भाच्याच्या आठांपैकी फक्त दोन फोटोंत कोन बदलला होता. तिन्ही गोष्टी जुळल्या: धान तिरचिमणी.

चंडोलाचं कूळ वेगळं. तो शेपटी अशी हलवतच नाही. आठवडाभराने भाच्याने सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ माळावरच्या एका पक्ष्याचे फोटो पाठवले. पाय फिकट, छातीवर रेघा. पण अंग भरलेलं, चोच जाड, शेपूट आखूड, आणि सगळ्या फोटोंत पाठ-शेपटीचा कोन तोच. डोक्यावर टोकदार तुरा होता, त्यामुळे मलबारी चंडोल ओळखायला वेळ लागला नाही. तुरा मिटलेला असता, तर उडतानाचा एक फोटो कामी आला असता. तिरचिमणीच्या शेपटीची बाहेरची पिसं पांढरी असतात, मलबारी चंडोलाची तांबूस.

याच्या पुढे फोटो अडतो. हिवाळ्यात धान तिरचिमणीसारखीच, पण आकाराने मोठी रिचर्डची तिरचिमणीही येते. शेजारी तुलनेला दुसरा पक्षी नसेल, तर फोटोत आकार कळत नाही. तिथे आवाजच ऐकावा लागतो. म्हणून भाच्याला सांगितलं आहे, पक्षी उडताना मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेव.