उरलेल्या असाइनमेंटमध्ये सरासरी किती हवी?

बारा आठवड्यांच्या एनपीटेल कोर्समध्ये सहावा-सातवा आठवडा उजाडला की इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर हमखास प्रश्न येतो: ‘आतापर्यंत सरासरी ७० आहे, सिल्व्हर मिळेल का?’ उत्तर बेरीज-वजाबाकीचं आहे, पण नुसत्या ७० या आकड्यावरून ते निघत नाही.

आधी नियम पाहू. अंतिम गुण १०० पैकी. त्यातले २५ असाइनमेंटचे आणि ७५ शेवटच्या परीक्षेचे. दर आठवड्याला एक अशा बारा असाइनमेंट असतात, सगळ्यांचं वजन सारखं, आणि त्यांतल्या सर्वोत्तम आठच धरल्या जातात. एकूण ७५ किंवा जास्त झाले की प्रमाणपत्रावर ‘एलिट’सोबत ‘सिल्व्हर’ येतं.

समजा, एका विद्यार्थिनीच्या सहा असाइनमेंट झाल्या आहेत: ६०, ७५, ५०, ८०, ७०, ८५. जुने पेपर सोडवून पाहिल्यावर परीक्षेत ७५ पैकी ५४ मिळतील असा तिचा अंदाज आहे. म्हणजे असाइनमेंटमधून २५ पैकी २१ हवेत. २१ भागिले २५, म्हणजे शेकडा ८४. आता प्रश्न नेमका झाला: असाइनमेंटची सरासरी ८४ व्हायला उरलेल्या सहांत किती हवेत?

सर्वोत्तम आठचा नियम क्षणभर बाजूला ठेवू. बाराही धरल्या तर ८४ च्या सरासरीला १२ × ८४ = १००८ गुण लागतील. हातात ४२० आहेत. उरले ५८८, सहांत वाटले तर प्रत्येकी ९८. इथेच अनेक जण हाय खातात. हेच पटकन काढायचं तर तूट मोजावी. आजवरची सरासरी लक्ष्यापेक्षा १४ ने कमी, अशा सहा असाइनमेंट, म्हणून तूट ८४ गुणांची. ती उरलेल्या सहांनी भरून काढायची, म्हणजे प्रत्येकीने ८४ च्या वर आणखी १४ आणायचे. आतापासून प्रत्येक वेळी ८४ मिळवले की सरासरी ८४ होईल, हा समज का चुकतो तेही यातून दिसतं: जुनी तूट तशीच राहते, एकूण सरासरी ७७ वर अडकते.

आता सर्वोत्तम आठ. उरलेल्या सहाही मोजल्या जातील असं धरलं, तर झालेल्यांपैकी फक्त दोन लागतील: ८५ आणि ८०. पन्नास आणि साठ हिशोबातूनच गेले. लक्ष्य आता ८ × ८४ = ६७२. त्यातून १६५ वजा जाता ५०७, भागिले ६, म्हणजे ८४.५. तुटीच्या भाषेत सांगायचं तर ८५ ने एक गुण जास्तीचा दिला, ८० ने चार कमी. निव्वळ तूट तीनच, प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा गुण. तीच मुलगी, तेच गुण, आणि गरज ९८ वरून ८४.५ वर!

उरलेल्यांत एखादी बिघडली तर? समजा एका आठवड्यात ६० आले. मग त्या ६० ऐवजी जुने ७५ आपोआप आत येतात. म्हणून ८४.५ हा सुरक्षित आकडा आहे: सहांची सरासरी तेवढी झाली, तर गुण कसेही वरखाली असले तरी सर्वोत्तम आठची सरासरी ८४ च्या खाली जाऊ शकत नाही. उत्तर ८४ वर आणून मात्र थांबू नये. इथे पूर्णांक करायचा तर वरचाच.

खरी कुरकुर परीक्षेच्या अंदाजाबद्दल करायला हवी. परीक्षेत ५४ ऐवजी ५२ आले, तर असाइनमेंटमधून २३ लागतात, म्हणजे सरासरी ९२, आणि उरलेल्या सहांत प्रत्येकी सुमारे ९५.२. परीक्षेत ५१ आले तर हिशोब १००.५ वर जातो. उत्तर शंभराच्या वर आलं की गणित चुकलं असं नाही. त्या अंदाजात लक्ष्य हाताबाहेर आहे एवढंच ते सांगतं. अंतिम निकालातला एक गुण असाइनमेंटच्या सरासरीत चार गुणांएवढा पडतो, कारण त्यांचं वजन पाव आहे.

म्हणून मी हा हिशोब उलट्या बाजूनेही करून पाहायला सांगतो. उरलेल्या सहांत पैकीच्या पैकी मिळाले तर आठांची बेरीज ७६५, सरासरी ९५.६, आणि २५ पैकी साधारण २३.९. मग परीक्षेतून निदान ५१.१ हवेत, म्हणजे शंभरपैकी ६८ च्या थोडं वर. सराव पेपरांत ६० च्याच आसपास गुण पडत असतील, तर सातव्या असाइनमेंटमध्ये ९० आणायचे की ९५ यावर रात्र जागवण्यापेक्षा तो वेळ परीक्षेच्या अभ्यासाला दिलेला बरा.