जाड प्लेटचा ‘व्ही’ आला कुठून?

जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम संपला की वणी-हिंगणघाटकडच्या वर्कशॉपमध्ये जाड प्लेटची कामं येऊ लागतात. गाठी बांधणाऱ्या प्रेसची वीस मिलीमीटरची बैठक तडकलेली असते आणि तिला वेल्डिंगनं नवा तुकडा जोडायचा असतो. मिस्त्री दोन्ही कडा ग्राइंडरनं तिरप्या करून जोडाला ‘व्ही’चा आकार द्यायला बसला की मालक हमखास विचारतो, “चांगलं लोखंड काहून घासून फेकता जी?” या प्रश्नाच्या उत्तराला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वी जाड प्लेटा जोडायच्या त्या रिव्हेटनं. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ला वाफेचं इंजिन ओढायचं, त्या काळच्या बॉयलरवर रिव्हेटच्या रांगाच्या रांगा दिसत. तिथे प्लेटीवर प्लेट चढवून भोकं पाडत, त्यामुळे ‘व्ही’ पाडण्याचा प्रश्नच नव्हता. जाड प्लेटा कडेला कड भिडवून, वितळवून जोडायची पद्धत विजेच्या ठिणगीनंतर रुळली. १८८८ मध्ये रशियात स्लाव्यानोव यांनी धातूचाच रॉड वितळवून जोड भरायला सुरुवात केली. पण तो रॉड उघडा होता. वितळलेल्या लोखंडात हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरायचा आणि जोड ठिसूळ व्हायचा.

यावर तोड काढली स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्ग यांनी. जहाजांच्या बॉयलरचे गळके रिव्हेट-जोड दुरुस्त करताना ते या भानगडीत पडले, आणि १९०७ मध्ये त्यांनी लेप दिलेल्या रॉडचं पेटंट घेतलं. लेप जळून वायूचं आवरण तयार होतं आणि वर खपली, म्हणजे स्लॅग, बसते. आजचा प्रत्येक रॉड त्याच्याच वंशातला. मात्र या उपायानं एक नवं काम मागे लावलं. रॉडची ठिणगी प्लेटीत दोन-तीन मिलीमीटरच शिरते, म्हणून जाड जोड थरांनीच भरावा लागतो. आणि प्रत्येक थरावरची खपली उडवल्याशिवाय वरचा थर घालता येत नाही, नाहीतर ती आतच गाडली जाते. थोडक्यात, फटीच्या तळापर्यंत लेपासकट रॉड पोचला पाहिजे आणि चिपिंग हॅमरही. ‘व्ही’ची रुंदी ठरते ती यावरून.

वीस मिलीमीटरच्या प्लेटीसाठी साठ अंशांचा व्ही घ्या, खाली तीन मिलीमीटरची गॅप आणि दोन मिलीमीटरची सरळ कड ठेवा. वर तोंड साधारण चोवीस मिलीमीटर उघडतं. चार मिलीमीटरच्या रॉडनं हे भरायला आठ-दहा रन, म्हणजे रॉडच्या फेऱ्या, सहज लागतात. प्लेट निम्म्या जाडीची असती तर माल जवळपास चौथाईच लागला असता. खोलीबरोबर रुंदीही वाढते ना. म्हणूनच प्लेट उलटवता येत असेल तर जाणते मिस्त्री दोन्ही बाजूंनी व्ही मारतात. माल एक तृतीयांशाहून जास्त वाचतो, आणि दोन्हीकडून आलटून-पालटून भरलं तर प्लेट एका बाजूला उचलली जात नाही.

पुढचा धडा युद्धातला. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत ‘स्केनेक्टडी’ हे नवं वेल्डेड तेलवाहू जहाज धक्क्याला उभं असताना थंडीत जवळजवळ दोन तुकडे झालं. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद आणि जोडातले दोष दोन्ही कारणीभूत ठरले. रिव्हेटच्या जहाजात तडा प्लेटीच्या कडेला बऱ्याचदा थांबायचा. वेल्डिंगनं सारं शरीर एकसंध झालं, त्यामुळे तो धावतच गेला. त्याच युद्धकाळात कमी हायड्रोजनचे रॉड पुढे आले, ज्यांचा वारस आज ‘७०१८’ नावानं मिळतो. लेपातल्या ओलीतून हायड्रोजन येतो आणि काम संपल्यावर तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, जोडाच्या शेजारी बारीक तडा जातो. हे रॉड भट्टीत तीनशे-साडेतीनशे अंशांवर तास-दोन तास तापवून गरमच वापरायचे असतात. आपल्याकडे आषाढात उघडं पाकीट फळीवर पडलेलं असतं. त्यापेक्षा साधा ‘६०१३’ परवडला असं नाही, जाड प्लेटीला तो अधिकच धोक्याचा. पण ओला ७०१८ वापरून त्याच्या नावाचा भरवसा धरणं ही निव्वळ फसवणूक.

गावात आणखी एक अडचण असते, व्होल्टेज. पंप सुरू झाले की मशीनचा दाब पडतो, ठिणगी लंगडते आणि नेमका पहिला रन, रूट, कच्चा राहतो. वरून सगळं गुळगुळीत दिसतं. म्हणून एका बाजूनं भरून झाल्यावर प्लेट उलटवून मागून ग्राइंडरनं खोदतात. मध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर तिथे दोन्ही कडा वितळल्याच नाहीत असं समजायचं. ती रेघ पुरी नाहीशी होईपर्यंत खोदायचं, मग मागचा रन घालायचा.